मदत हवी आहे: सागाच्या फळ्यांचं वजन हिशेबापेक्षा १४० किलो जास्त

अमळनेरकर_सुतार
दारांच्या कामासाठी शिरपूरकडच्या वखारीतून सागाच्या ४० फळ्या आणल्या. माप ७ फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड. ७ × ८ × १.५ भागिले १४४ म्हणजे एका फळीचं ०.५८३ घनफूट, ४० चं २३.३. घनफुटाला १८.४ किलो धरलं, म्हणजे ४३० किलो. काट्यावर भरलं ५७०! पुढच्या आठवड्यात ७० फळ्या आणायच्यात आणि छोटा हत्तीवाला साडेसातशेच्या वर घेत नाही. माझ्या हिशेबाने बरोब्बर बसत होत्या. चूक कुठे झाली?

भुसावळी_भो
भो, सागाला २० धरायचे, झालं. आम्ही कायम तेच धरतो.

अमळनेरकर_सुतार
२० धरूनही ४६७ च होतात.

तापीकाठ
घनफुटाला काय भाव पडला? मलाही खिडक्यांना हवाय.

जुना_वखारवाला
भावाचं नंतर बघू. १८.४ हा आकडा वाळलेल्या सागाचा आहे, घनमीटरला साधारण ६५० किलो. तुमच्या फळ्या ताज्या चिरलेल्या दिसतात. आधी जाडी टेपने मापा, तीही टोकाला नाही, मध्यावर. आरा मशीनवाले रंध्यासाठी थोडं जास्त सोडतात.

अमळनेरकर_सुतार
मापली. दीड इंच एक सूत भरते! पाच फळ्या बघितल्या, सगळ्या तशाच.

जुना_वखारवाला
मग घनफूट २५.३ झाले. वाळलेलं असतं तर ४६५ किलो, म्हणजे त्या एका सुताने ३५ किलो वाढवले. उरलेले १०५ किलो जास्तीचं पाणी. वाळलेल्या लाकडातही थोडं पाणी असतंच, पूर्ण कोरडं केलं तर ४१५ च्या आसपास राहील. ५७० मधलं बाकी १५५ पाणीच, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३७ टक्के. खात्री करायची तर टोकापासून दीड फूट आतून इंचभराचा काप काढा. टोक लवकर वाळतं, तिथला काप फसवतो. काप लगेच तोला, मग शंभर डिग्रीला थोडं वर ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत तापवा. जे उतरलं ते पाणी.

यावलचा_शेतकरी
बैलगाडीच्या बाभळीचंही असंच. ओली बाभूळ दोघांना उचलत नाही, वर्षभराने एकटा नेतो.

भुसावळी_भो
म्हणजे वखारवाल्याने पाण्याचे पैसे घेतले!

जुना_वखारवाला
नाही हो, घनफुटाने विकलं. उलट सूतभर लाकूड फुकट आलं, बिल दीड इंचाचं असेल तर.

अमळनेरकर_सुतार
दीडचंच आहे. काप काढला. १७२ ग्रॅम होता, सौच्या ओव्हनमध्ये (तिची बोलणी खाऊन) १२६ वर थांबला. म्हणजे ३६ च्या वर. मग ७० फळ्या हजार किलो धरू?

जुना_वखारवाला
त्याच थप्पीतल्या असतील तर. फळीमागे सव्वाचौदा येतात, ७० च्या ९९७. दोन खेपा करा. आणि निघण्याआधी तीन फळ्या, थप्पीच्या वरची, मधली, खालची, काट्यावर ठेवा. वरची नेहमी हलकी असते.

अमळनेरकर_सुतार
गिऱ्हाईक दिवाळीआधी दारं मागतंय. इतक्या ओल्या लाकडाची करावीत का?

तापीकाठ
भाव सांगा ना कुणीतरी.