मोझार्टचा प्रयोग: निष्कर्ष बरोबर, कारणं चुकीची. गुण किती?

तांबडी शाई
एम.ए. भाग १ चे संशोधन पद्धतीचे पेपर तपासतेय. दहा गुणांचा प्रश्न आहे. १९९३चा मोझार्टचा प्रयोग उताऱ्यात दिलाय आणि 'मोझार्ट ऐकल्याने मुले हुशार होतात' या विधानाचं परीक्षण करायचंय. निम्म्या गठ्ठ्यात साधारण हेच उत्तर: "प्रयोगात नियंत्रण गट नाही. काही विद्यार्थी मुळात हुशार असतील, घरी संगीताचे वातावरण असेल, हे कन्फाउंडिंग चल आहेत. सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे. म्हणून विधान चुकीचे." विधान फसवं आहे हे तर त्यांनी ओळखलंय. मी सात देत होते, सहकारी म्हणतात तीन. तुम्ही किती द्याल?

आकडेमोड
दोन. तेही शेवटच्या वाक्याचे.

हे उत्तर उतारा न वाचता लिहिता येतं. मोझार्टच्या जागी बदाम, सूर्यनमस्कार, काहीही घाला, एक शब्दही बदलावा लागत नाही. आता प्रयोग बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतले ३६ विद्यार्थी. प्रत्येकाने तिन्ही गोष्टी केल्या: एकदा दहा मिनिटं मोझार्टचा दोन पियानोंचा सोनाटा ऐकला, एकदा शरीर सैल सोडायच्या सूचनांची टेप ऐकली, एकदा नुसता शांत बसला. प्रत्येक वेळी लगेच अवकाशीय तर्काचं एक काम दिलं. गुण बुद्ध्यांकाच्या मापात मांडले तेव्हा सरासरी आली ११९, १११ आणि ११०.

'मुळात हुशार असतील' म्हणे. अहो, तोच मुलगा तिन्ही वेळा बसलाय. त्याची हुशारी मोझार्ट ऐकताना जेवढी होती तेवढीच शांत बसतानाही होती. मग आठ-नऊ गुणांचा फरक ती कशी पाडेल? कन्फाउंड म्हणायचं तर ती गोष्ट संगीताबरोबर आत यायला हवी आणि संगीताबरोबरच बाहेर जायला हवी. आणि सहसंबंधाचं ते वाक्य इथे लागूच नाही. कोणी कधी काय ऐकायचं हे संशोधकांनी ठरवलं होतं. हा प्रयोग आहे, पाहणी नाही.

कोल्हापूरचे सर
एवढं कडक नको. 'नियंत्रण गट नाही' हे वाक्य शब्दशः खरं आहे. माणसं तीच असतील तर वेगळा गट आहे कुठे? आपणच वर्गात फळ्यावर दोन चौकोन काढतो, एक प्रायोगिक गट, एक नियंत्रित गट. पोरगं ते शोधत बसलं आणि सापडलं नाही. मी त्याचे पूर्ण गुण देईन.

आकडेमोड
सर, शब्दाचा मुद्दा मान्य, आणि दोष आपल्या चौकोनांचा आहे हेही मान्य. पण तुलनेला काहीच नव्हतं असा त्याचा अर्थ आहे, आणि शांत बसणं ही तुलनाच होती. 'गट वेगळा नाही, पण तुलनेची अवस्था आहे' असं कोणी लिहिलं तर मी हात जोडून गुण देईन. तीच माणसं पुन्हा पुन्हा बसवली की खरी भीती क्रमाची असते. तिसऱ्या वेळेपर्यंत हात बसलेला असतो, किंवा कंटाळा आलेला असतो. 'क्रम आलटून पालटून ठेवला होता का' एवढं विचारणारा एखादा पेपर असेल तर बाजूला काढून ठेवा, ताई.

दोन लेकरांची आई
मी या विषयातली नाही, पण राहवलं नाही. मोठीच्या वेळी रोज गर्भसंस्काराची सीडी लावायचे, धाकट्याच्या वेळी नोकरीमुळे जमलं नाही. मोठी पहिल्यापासून हुशार, धाकटा जेमतेम. आता हे सगळं खोटं म्हणायचं का? आणि गुण कापायचेच असतील तर आमच्या मुलांचे नका कापू.

आकडेमोड
खोटं नाही म्हणत, काकू. पण गंमत बघा, त्या विद्यार्थ्यांचं उत्तर तुमच्या उदाहरणाला बरोबर बसतं! सीडी लावायची की नाही हे कोणी चिठ्ठी टाकून ठरवलं नव्हतं. पहिल्या वेळी तुमच्याकडे वेळ होता. तो वेळ मूल जन्मल्यावरही असेल, गोष्टी सांगायला, अभ्यास घ्यायला. शिवाय मोठं-धाकटं हा फरक आहेच. सीडीबरोबर इतकं काही बदललंय की एकटी सीडी वेगळी काढता येत नाही. तिथे 'घरचं वातावरण' हा कन्फाउंड आहे. अर्व्हाइनच्या प्रयोगात नाही.

कोल्हापूरचे सर
मग तुमच्या मते त्या प्रयोगात कन्फाउंड कुठला? की नव्हताच?

आकडेमोड
होता, आणि चार गुण त्याचेच हवेत. तो सोनाटा जलद आणि उल्हसित आहे. दहा मिनिटं ऐकून माणूस तरतरीत होतो, शांत बसून पेंगुळतो. मग फरक मोझार्टचा की तरतरीचा? थॉम्पसन, शेलेनबर्ग आणि हुसेन यांनी २००१ मध्ये हेच तपासलं. मोझार्टबरोबर अल्बिनोनीच्या नावाने प्रसिद्ध असलेली संथ, उदास अदाज्यो घेतली. शांत बसण्याच्या तुलनेत मोझार्टने गुण वाढले, अदाज्योने नाही. आणि उत्तेजना व मनःस्थिती यांतला फरक हिशेबातून काढल्यावर मोझार्टची करामतही उरली नाही. त्याआधी १९९९ मध्ये नँटे आणि शेलेनबर्ग यांनी संगीतासमोर गोष्ट ठेवली होती. ज्याला जे आवडलं, त्याने त्याचे गुण वाढले.

म्हणजे शांत बसण्याशी तुलना केली तर 'काहीतरी झालं' एवढंच कळतं. ते 'काहीतरी' मोझार्ट आहे हे कळायला तितकंच तरतरीत करणारं दुसरं काही समोर हवं.

जुना परीक्षक
आकडेमोड, बाकी पटलं, इथे मात्र घाई करताय. तरतरी आली कशाने? संगीतानेच ना! संगीत, मग तरतरी, मग गुण. ही वाटेतली पायरी झाली, तिला कन्फाउंड कसं म्हणता? उद्या म्हणाल की गोळीने ताप उतरला नाही, घामाने उतरला.

आकडेमोड
टोला बरोबर बसला. माझं म्हणणं असं की ते दाव्यावर ठरतं. 'हे संगीत ऐकल्यावर गुण वाढतात का' असं विचाराल तर तरतरी ही पायरी. 'मोझार्टमध्ये खास काही आहे का' असं विचाराल तर तीच कन्फाउंड, कारण ती चहानेही येते.

जुना परीक्षक
एकच गोष्ट सकाळी पायरी आणि दुपारी कन्फाउंड, हे मला अजून पचत नाही. पण गुणपत्रिकेत मी दोन्ही मान्य करेन. विद्यार्थ्याने यंत्रणा ओळखली हे महत्त्वाचं.

मला जास्त चिंता शेवटच्या तीन गुणांची. विधानात 'मुले' आणि 'हुशार' आहे. प्रयोगात कॉलेजातले तरुण होते, एकाच प्रकारचं काम होतं, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तेवढ्यापुरतं 'संगीताने गुण वाढले' म्हणायला ती मंडळी मोकळी होती. १९९८ मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झेल मिलर यांनी नवजात बाळांच्या घरी शास्त्रीय संगीत पाठवायला १,०५,००० डॉलर मागितले, तोवर तरुणांची बाळं झाली होती आणि दहा मिनिटांचं आयुष्य. दावा कुठे फुगला हे वयात, कामात आणि वेळेत बोट ठेवून दाखवणाऱ्यालाच तीन. नुसतं 'विधान चुकीचे' लिहिणाऱ्याला एक.

तांबडी शाई
सातवरून खाली आले. ते ठरावीक उत्तर आता तीन, सहकाऱ्यांनाही सांगितलं. 'गट वेगळा नाही' असं नेमकं लिहिणारे दोन सापडले, त्यांना वाढवले. क्रमाबद्दल कोणीच विचारलं नाही. एका मुलीने मात्र लिहिलंय: "शांत बसलेल्यांना झोप आली असेल." बस्स, एवढंच. कन्फाउंड हा शब्दही नाही.

आकडेमोड
चारपैकी चार.

कोल्हापूरचे सर
संज्ञेशिवाय चार? मॉडरेटर परत पाठवेल. अडीच.