डार्क सोल्सचा मधला मार्ग
"चेकपॉइंट आला की भीती संपते, खरा ताण फक्त पर्माडेथमध्येच, म्हणजे एकदा मेले की खेळ पहिल्यापासून सुरू करावा लागतो तिथेच."

हे मला पटत नाही, कारण २०११ च्या 'डार्क सोल्स' या व्हिडिओ गेममध्ये चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर जिथून खेळ पुन्हा सुरू होतो त्या जागा, असूनही ताण टिकतो. मेल्यावर खेळाडू शेवटच्या बोनफायरपाशी, म्हणजे इथल्या चेकपॉइंटपाशी परततो, पण जवळचे सगळे सोल्स, म्हणजे शत्रू मारून मिळणारे आणि लेव्हल वाढवायला लागणारे चलन, मेल्या जागीच राहतात आणि तिथवर पोचण्याआधी पुन्हा मरण आले तर ते कायमचे जातात. त्यामुळे सोल्स खर्चून रिकाम्या हातांनी निघालेला खेळाडू ज्या अरुंद वाटेवरून बेधडक धावतो, तिथेच पुढच्या लेव्हलपुरते सोल्स जवळ असले की ढाल धरून पावलापावलाने सरकतो. पर्माडेथमध्ये सुरुवातीला गमावण्यासारखे फारसे नसते; ताण हळूहळू साचतो आणि शेवटी खेळाडू नवे काही करून पाहणेच टाळतो, ही मला त्या पद्धतीची मोठी मर्यादा वाटते.