पीव्हीसी पाण्याच्या टाकीत पकडलं जात नाही

> पेट बाटल्यांच्या चुऱ्यात चिमूटभर पीव्हीसी गेलं तर एवढं काय बिघडतं?

पेट वितळायला साधारण २५० ते २६० अंश सेल्सिअस लागतात. पीव्हीसी त्याआधीच करपतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. ती पेटच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडते. माल पिवळट, ठिसूळ होतो, काळे ठिपके दिसतात. पाण्याच्या टाकीत तरंगतं-बुडतं बघून वेगळं करावं, तर दोन्ही बुडतात! म्हणून आधी हातानेच निवडायचं. बाटली दुमडली की पीव्हीसीवर पांढरा वळ उमटतो. तळाशी पेटला मधोमध ठिपका असतो, पीव्हीसीला आडवी शिवण. तरी शंका असेल तर तापवलेली तांब्याची तार तुकड्याला टेकवून ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे तुकडा पीव्हीसीचा. धूर मात्र हुंगू नका.