मदत हवी आहे : मागे बुडीत म्हणून सोडलेली रक्कम आता आली, तिची नोंद नेमकी कोणत्या खात्यात करावी?

रोजकीर्द

नमस्कार. मी इचलकरंजीतील एका सूत व्यापारी भागीदारी पेढीचे हिशेब सांभाळते. आमच्या एका यंत्रमागधारक ग्राहकाला सप्टेंबर २०१९ मध्ये ४,००,००० रुपयांचे सूत दिले होते आणि ५ टक्के जीएसटी धरून बिल ४,२०,००० रुपयांचे झाले होते. त्यातला एकही रुपया आला नाही, त्यांचे माग बंद पडले, म्हणून ३१ मार्च २०२२ रोजी संपूर्ण ४,२०,००० रुपये बुडीत कर्ज खात्याला नावे टाकून त्यांचे खाते आम्ही शून्य केले. जीएसटी मात्र आम्ही २०१९ मध्येच पदरचा भरला होता.

जानेवारी २०२५ मध्ये वकिलांमार्फत तडजोड होऊन त्यांनी १,५०,००० रुपये दिले. वकिलांनी स्वतःची १०,००० रुपये फी वळती करून घेतली आणि १,४०,००० रुपये आमच्या बँकेत जमा केले. उरलेल्या रकमेबद्दल तडजोडपत्रात फक्त 'परिस्थिती सुधारल्यास देऊ' एवढेच लिहिले आहे.

आमचे जुने दिवाणजी म्हणतात की पैसे ज्याच्याकडून आले त्याच्याच खात्यात जमा करावेत. मी तशी नोंद करून पाहिली, तर टॅलीत त्या ग्राहकाचे खाते १,४०,००० रुपये जमा दाखवते, म्हणजे जणू आम्हीच त्याचे देणे लागतो, आणि नफातोटा पत्रकात काहीच येत नाही. हे मला पटत नाही. नोंद नेमकी कशी करावी, आणि या रकमेवर प्राप्तिकर व जीएसटी लागतो का, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वाडीकर

दिवाणजींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. ग्राहकाच्या खात्यात नोंद दिसायलाच हवी, नाहीतर उद्या तोच ग्राहक पुन्हा माल मागायला आला तर त्याने काय दिले आणि काय बुडवले हे कळणार कसे? माझ्या मते २०२२ ची नोंदच उलटी करावी. ग्राहकाला ४,२०,००० नावे टाकावेत, बुडीत कर्ज खाते तेवढ्याने जमा करावे आणि मग आलेले पैसे ग्राहकाच्या खात्यात जमा करावेत. उरलेले २,७०,००० येणे म्हणून उभे राहतील, आणि ते खरोखरच येणे आहेत.

निवृत्त लेखापाल

वाडीकर, ग्राहकाच्या खात्यात माग राहावा हा आपला हेतू योग्य आहे, पण ४,२०,००० रुपयांची नोंद उलटी करू नये. तसे केल्यास जे २,७०,००० रुपये आलेले नाहीत आणि येतील याचा भरवसाही नाही, ते यंदाच्या नफ्यात शिरतील, भागीदारांत वाटले जातील आणि त्यावर कर भरावा लागेल. पुढच्या वर्षी पुन्हा तीच रक्कम बुडीत टाकण्याची वेळ येईल. बुडीत टाकल्यावर वसुलीचा हक्क संपत नाही, पण पुस्तकात मात्र जेवढे हाती आले तेवढेच घ्यावे.

रोजकीर्द, साधी नोंद अशी होईल :

बँक खाते, नावे १,४०,०००
वकील फी खाते, नावे १०,०००
बुडीत कर्ज वसुली खाते, जमा १,५०,०००

ग्राहकाने १,५०,००० दिले आहेत, म्हणून वसुली तेवढीच दाखवावी. वकिलांनी परस्पर कापून घेतलेली फी हा आपला खर्च आहे आणि तो वसुलीतून वजा करून लपवू नये. फी हातात न येता वळती झाली की तिच्यावरचा जीएसटी हमखास विसरला जातो. वकिलांच्या सेवेवर तो उलट आकारणीने पेढीला भरावा लागतो, म्हणून १०,००० वर १८ टक्क्यांनी १,८०० रुपये भरले आहेत का ते तपासा.

टॅलीत वसुलीचे नवीन खाते `Indirect Incomes` या गटाखाली उघडावे. विक्री खात्यात ते मुळीच मिसळू नये, नाहीतर पुस्तकातील विक्री आणि जीएसटी विवरणपत्रांतील विक्री यांत दीड लाखाची तफावत दिसेल आणि तिचा खुलासा करत बसावे लागेल.

ग्राहकाच्या खात्यात माग हवाच असेल तर आधी एका जर्नल नोंदीने ग्राहकाला फक्त १,५०,००० नावे टाकून वसुली खाते जमा करावे, आणि नंतर बँक व वकील फी नावे टाकून ग्राहकाचे खाते १,५०,००० ने जमा करावे. ग्राहकाची बाकी शून्यच राहील, पण त्याच्या खात्याच्या पानावर दोन्ही नोंदी दिसतील. मी नोकरीत असताना हीच पद्धत वापरत असे, कारण लेखापरीक्षक सर्वप्रथम ग्राहकाचेच खाते उघडतो.

कृष्णाकाठ

एक शंका आहे. आमच्या पेढीत यंदा दुसऱ्या एका पार्टीचे ३५,००० रुपये बुडीत टाकले आहेत. अशा वेळी जुनी वसुली याच बुडीत कर्ज खात्यात जमा केली तर वेगळे खाते काढण्याची गरज उरत नाही, आणि नफा तर तेवढाच राहतो.

निवृत्त लेखापाल

नफ्याचा आकडा तेवढाच राहील हे खरे आहे. पण बुडीत कर्ज खात्याची बाकी जमेची होईल आणि यंदा किती उधारी बुडाली हे भागीदारांना त्या पत्रकावरून कळणार नाही. शिवाय दोन्ही रकमांचे करातील नियम वेगळे आहेत : नवीन बुडीत रकमेची वजावट मिळते की नाही हा एक प्रश्न, आणि जुन्या वसुलीतील किती भाग करपात्र हा दुसरा. एकाच खात्यात त्या मिसळल्या की विवरणपत्र भरताना पुन्हा वेगळ्या काढाव्या लागतात.

रोजकीर्द यांच्या करविषयक प्रश्नाचे उत्तर २०२१-२२ च्या करगणनेत आहे. त्या वर्षी बुडीत रकमेपैकी नेमकी किती वजावट मंजूर झाली, हे कृपया पाहून कळवावे.

माळावरचा

माझेही असेच आहे. मी मेव्हण्याला २ लाख रुपये हातउसने दिले होते, ते मिळणार नाहीत असे धरून चाललो होतो आणि आता त्यातले ८०,००० परत आले. मलाही ते उत्पन्न म्हणून दाखवावे लागतील का?

निवृत्त लेखापाल

नाही. आपली रक्कम कधी धंद्याच्या उत्पन्नात आली नव्हती आणि तिची वजावटही आपण घेतलेली नाही, त्यामुळे स्वतःचेच पैसे परत आल्याने उत्पन्न होत नाही. या धाग्यातील प्रश्न वेगळा आहे : येथे विक्रीच्या वर्षी उत्पन्न धरले गेले आणि बुडीत टाकल्यावर त्याची वजावट घेतली गेली.

रोजकीर्द

जुनी फाईल काढून पाहिली. पुस्तकात ४,२०,००० खर्ची पडले होते, पण करगणनेत आमच्या सनदी लेखापालांनी २०,००० पुन्हा नफ्यात जोडून फक्त ४,००,००० ची वजावट घेतली आहे. बाजूला 'जीएसटीचा भाग उत्पन्नात धरलेला नव्हता' अशी टीप आहे. त्या वर्षी कोणतीही नोटीस आलेली नाही.

निवृत्त लेखापाल

ही टीप आपल्या फार उपयोगाची आहे. या वर्षांना लागू असलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ३६ नुसार बुडीत कर्जाची वजावट मिळण्यासाठी ती रक्कम आधी उत्पन्नात धरलेली असावी लागते. विक्री जीएसटी वगळून लिहिली असल्याने २०,००० सोडण्याची भूमिका त्यांनी सावधपणे घेतली.

आता त्याच कायद्यातील कलम ४१ चे पोटकलम ४ पाहा. वसुली झाली की सगळी रक्कम करपात्र, असे ते म्हणत नाही. मूळ येणे आणि मंजूर वजावट यांतील फरकापेक्षा वसुली जेवढी जास्त, तेवढीच रक्कम वसुलीच्या वर्षाचे उत्पन्न ठरते. आपले येणे ४,२०,०००, मंजूर वजावट ४,००,०००, म्हणून फरक २०,०००. वसुली १,५०,००० असल्याने करपात्र रक्कम १,३०,००० होते. पुस्तकात उत्पन्न १,५०,००० च राहील आणि करगणनेत २०,००० वजा होतील. पुढे आणखी हप्ता आला तर हा २०,००० चा फरक वापरून झालेला असल्याने तो हप्ता पूर्ण करपात्र होईल, म्हणून ही गणना या वर्षीच्या फाईलमध्ये लिहून ठेवावी.

२०२१-२२ चे विवरणपत्र मात्र उघडू नये आणि भागीदारांच्या भांडवली खात्यांत परस्पर जमा करण्याचा मार्गही घेऊ नये. त्या वेळी रक्कम बुडीत समजणे ही चूक नव्हती, तो त्या दिवशीच्या माहितीवरचा अंदाज होता, म्हणून वसुली ही यंदाचीच घटना आहे.

जीएसटीबद्दल : २०१९ चा कर २०१९ मध्ये भरला गेला, बुडीत टाकताना त्यात कोणतीही सूट मिळाली नाही, म्हणून मूळ रक्कम वसूल झाल्यावर पुन्हा कर लागत नाही. तडजोडपत्रात काही रक्कम उशिराचे व्याज म्हणून वेगळी लिहिली असेल तरच त्या व्याजावर मालाच्याच दराने, पैसे मिळाल्याच्या तारखेला कर द्यावा लागेल.

ताळेबंद

मी करसल्लागार आहे. नोंदीबाबत निवृत्त लेखापाल यांच्याशी पूर्ण सहमत आहे, पण २०,००० वजा करण्याबाबत थोडी सावधगिरी सुचवतो. त्याच पोटकलमात 'येणे किंवा येण्याचा भाग' असे शब्द आहेत. करनिर्धारण अधिकारी असे म्हणू शकतो की वजावट ४,००,००० या भागाचीच होती आणि तो भाग पूर्ण मंजूर झाला, म्हणजे फरक शून्य, आणि १,५०,००० संपूर्ण करपात्र. आपली पेढी ३० टक्के दराने कर भरते असे धरले तर ४ टक्के उपकरासह वादाची रक्कम ६,२४० रुपये होते. वसुली पूर्ण उत्पन्नात धरून वाद टाळायचा की वजावट घेऊन टीप जोडायची, हे आपल्या सनदी लेखापालांनी ठरवावे.

निवृत्त लेखापाल

तो अर्थ लावता येतो हे मान्य आहे. माझे मत असे की ग्राहकाचे बिल एकच होते आणि येणेही एकच होते, त्यामुळे फरक धरणे कलमाच्या शब्दांत बसते. तरीही निर्णय सहीचा अधिकार असलेल्याचाच आहे.

रोजकीर्द

दोघांचेही मनापासून आभार. तडजोडपत्रात व्याजाचा उल्लेख नाही, हे तपासले. आज जर्नलसह दोन टप्प्यांची नोंद केली. ग्राहकाची बाकी शून्य आहे आणि वसुली खात्यात १,५०,००० दिसतात. वकील फीवरचा १,८०० रुपयांचा कर राहिलाच होता, तो आता व्याजासह भरत आहोत.

एक प्रश्न मात्र नव्याने निघाला. २०२१-२२ चा तोटा तीन भागीदारांनी समान सोसला होता आणि त्यांपैकी एक ३१ मार्च २०२३ रोजी निवृत्त झाले. वसुलीत आपला तिसरा हिस्सा आहे असे ते आता म्हणतात.

निवृत्त लेखापाल

पेढी तीच असल्याने कर पेढीच भरेल, त्यात शंका नाही. हिस्स्याचे उत्तर मात्र निवृत्तीपत्रावर अवलंबून आहे. बुडीत खाती टाकलेल्या येण्यांचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे, की 'सर्व हिशेब पूर्ण झाले, पुढे कोणताही दावा नाही' असे मोघम लिहिले आहे?

रोजकीर्द

मोघमच लिहिले आहे. थोरले भागीदार त्यांना स्वखुशीने हिस्सा द्यावा म्हणतात, धाकटे नाही म्हणतात. निवृत्तीपत्र उद्या वकिलांना दाखवणार आहोत, तोपर्यंत वसुली खात्यातील रक्कम वाटपात घेतलेली नाही.