सीए इंटरच्या टॅक्ससाठी एकच मास्टर फाइल: आयटीसीचं काय होतं ते बघा

निकालवाला:
टॅक्सला बसणाऱ्यांनो, तीन-तीन ठिकाणी वाचत बसू नका. स्टडी मटेरियलची पानं, लेक्चरमधले मुद्दे, सरांची हँडआउटं, सगळं चॅप्टरवाइज एका फाइलमध्ये ओता. मग पुस्तक उघडायचंच नाही. यात चुकण्यासारखं काय आहे?

लेजरवाली:
चुकण्यासारखं काय आहे ते सांगते, कारण मी नेमकं हेच केलं आणि त्यात मार्क घालवले.

जीएसटीचा आयटीसीचा, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट घेण्याचा चॅप्टर होता. लेक्चर मोठ्या बहिणीच्या वेळचं, २०२१ मधलं. हँडआउट मैत्रिणीकडून आलेलं, २०२० मधलं. पुस्तक चालू वर्षाचं. तिन्हींतलं टाइप करून ६४ पानांची फाइल झाली, बावीस दिवस गेले. मग टेस्टमध्ये प्रश्न आला: खरेदीवरचं क्रेडिट १,००,००० रुपये, त्यातलं टूबीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या स्टेटमेंटमध्ये, दिसतंय ८०,०००. मी ८४,००० घेतलं. शेजारच्या मुलीने माझीच फाइल वाचली होती, तिने ८८,००० घेतलं. बरोबर उत्तर ८०,०००.

दोघींनीही फाइलमधलंच लिहिलं होतं. नियम ३६(४) मध्ये पुरवठादाराने न दाखवलेल्या बिलांसाठी जास्तीची सूट होती. ऑक्टोबर २०१९ मध्ये ती २० टक्के होती, जानेवारी २०२० पासून १० झाली, जानेवारी २०२१ पासून ५. १ जानेवारी २०२२ पासून ती सूटच गेली, कलम १६(२) मध्ये नवीन खंड (एए) आला, आणि टूबीमध्ये दिसेल तेवढंच घ्यायचं असं झालं. हँडआउट १० टक्क्यांच्या काळातलं, रेकॉर्डिंग ५ टक्क्यांच्या काळातलं. मी तिन्ही एकाच शीर्षकाखाली लिहिली आणि तारीख कुठेच टाकली नाही. वाचताना ते एकाच नियमाचे तीन मुद्दे वाटले.

पुस्तक बंद करा म्हणणाऱ्याने हे सांगायला हवं की फाइलमध्ये एकदा ओतलं की कुठलं वाक्य कुठून आलं हे कळत नाही. वेगवेगळी असताना निदान हँडआउटच्या कोपऱ्यात वर्ष तरी दिसत होतं.

निकालवाला:
ताई, जुनी हँडआउटं वापरलीत ही तुमची चूक. पद्धतीची नाही. मी चालू बॅचचंच वापरतो.

लेजरवाली:
चालू बॅचचं लेक्चर कधी रेकॉर्ड झालंय ते बघितलंत? आमच्या क्लासमध्ये 'नवीन बॅच' म्हणून दिलेल्यात निम्मे व्हिडिओ जुनेच होते, वर फक्त सुधारणांचा एक तासाचा व्हिडिओ जोडलेला. मुलं तो शेवटी बघतात. तोवर फाइल लिहून झालेली असते.

पानवाचक:
मला मात्र मर्ज करणं पटतं. दोन पेपरमध्ये जेमतेम एक दिवस मिळतो आणि टॅक्सच्या पेपरात ५० मार्क इन्कम टॅक्स, ५० जीएसटी. तेवढ्या वेळात कोण तीन पुस्तकं चाळणार? शिवाय फाइलमध्ये Ctrl+F मारलं की हवं ते दहा सेकंदांत सापडतं. एकत्र करणं म्हणजेच अभ्यास, हात चालतो तेव्हा डोक्यात बसतं.

लेजरवाली:
हात चालला तर हो. पण बहुतेक जण पानं स्कॅन करून चिकटवतात. पानाचा नुसता फोटो असला तर Ctrl+F ला त्यातलं अक्षरही सापडत नाही, एवढं तपासून बघा.

माहेर_लातूर:
हे सगळं चुकीचं आहे. कुणाची मेहनत स्कॅन करून वाटायची आणि त्याला मास्टर फाइल म्हणायचं? माझ्या भाच्याने क्लासला बऱ्यापैकी फी भरली आणि त्याच्याच नोट्स ग्रुपवर फुकट फिरत होत्या.

पानवाचक:
वाटण्याबद्दल कुणी बोललंच नाहीये, मावशी. स्वतःसाठी बनवायची फाइल आहे.

डबलव्ह्यू:
फीचा विषय निघालाच आहे तर ऐका. मी पैसे मोजून रेकॉर्डिंग घेतलं, तर प्रत्येक लेक्चर दीडदाच बघता येतं आणि मुदत सहा महिने. आयटीसी मी एकदा बघून थांबलो, परीक्षेच्या आधी उघडलं तर मुदत संपलेली. मुदतवाढीचे पैसे वेगळे. म्हणूनच लोक स्क्रीनचे फोटो काढून फाइल बनवतात! हौस नाही ती, नाइलाज आहे.

निकालवाला:
हेच मी म्हणतोय. रेकॉर्डिंग हातातून जाणारच आहे, तर आधी फाइलमध्ये घ्या.

माहेर_लातूर:
दीडदा म्हणजे काय? अर्धा वेळा कसा बघायचा?

डबलव्ह्यू:
नऊ तासांचं लेक्चर असेल तर साडेतेरा तास मिळतात. मागे घेऊन पुन्हा ऐकलं तर तेही कापलं जातं. एक उदाहरण दोनदा ऐकायला घाबरतो माणूस. कुणालाच हे चुकीचं वाटत नाही का?

लेजरवाली:
वाटतं, आणि रागही येतो. पण त्यावर उपाय म्हणून फोटो गोळा केले तर जुनं कुठलं, नवं कुठलं हा प्रश्न तसाच राहतो.

आर्टिकलच्या_टेबलावरून:
मी तीन वर्षं फर्ममध्ये जीएसटी रिटर्न भरतोय, म्हणून थोडं बोलतो. लेजरवाली यांचं निदान बरोबर आहे, पण निष्कर्ष जरा ओढूनताणून आहे. फाइल करावी, फक्त तिचा सांगाडा पुस्तकाचा असावा. चॅप्टरमधल्या कलमांचे क्रमांक आधी लिहून घ्या: १६(२), १६(४), १७(५), नियम ३७. प्रत्येकाखाली आजच्या पुस्तकाचं पान आणि कायदा कुठल्या तारखेपर्यंतचा धरलाय ते. लेक्चरमधून कलमाचा मजकूर घ्यायचाच नाही. 'हे असं का' आणि त्या जागेची मिनिटं, एवढंच. हँडआउटमधून फक्त प्रश्न, तेही आजच्या कायद्याने पुन्हा सोडवून.

फाइल बिघडली का ते असं ओळखा. त्यात '१८०' शोधा. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे न दिल्यास क्रेडिट परत करायचं, तो नियम एकाच जागी यायला हवा. तीन जागी तीन शब्दांत आला तर तुम्ही नुसती पानं चिकटवली आहेत. मग 'सप्टेंबर' शोधा. क्रेडिट घेण्याची शेवटची मुदत म्हणून सप्टेंबरचं रिटर्न लिहिलेलं सापडलं तर ते जुनं आहे. आता पुढच्या आर्थिक वर्षातली ३० नोव्हेंबर किंवा वार्षिक रिटर्न, जे आधी असेल ते. हा बदल ऑक्टोबर २०२२ चा.

निकालवाला:
मग माझं म्हणणं खरं ठरलं ना, फाइल करायचीच.

आर्टिकलच्या_टेबलावरून:
पुस्तक न उघडायचं म्हणालात तुम्ही. माझ्या पद्धतीत प्रत्येक ओळीपाशी पुस्तकाचं पान आहे, म्हणजे ते उघडावंच लागतं.

निकालवाला:
ठीक आहे, 'पुस्तक उघडायचंच नाही' हे वाक्य मागे घेतो. पण नऊ तासांच्या लेक्चरची मिनिटं टिपायला माझ्याकडे वेळ नाही, हे लिहून ठेवा.

पानवाचक:
माझ्याही फाइलमध्ये आत्ता 'सप्टेंबर' शोधलं. दोन जागी सापडलं. एक हँडआउटच्या प्रश्नात आहे, त्याचं छापील उत्तर चुकीचं की प्रश्नच जुन्या वर्षाचा, ते कळत नाहीये. प्रश्नात बिलाची तारीख ऑगस्ट २०२१ आहे.

लेजरवाली:
ऑगस्ट २०२१ म्हणजे २०२१-२२ चं बिल, त्यालाही ३० नोव्हेंबरचीच मुदत लागते, म्हणजे छापील उत्तर जुनं. प्रश्न टाकून देऊ नकोस. आजच्या कायद्याने पुन्हा सोडव आणि शेजारी लिही की उत्तर तू बदललंस.

डबलव्ह्यू:
आणि व्ह्यूजचं काय? त्यावर अजून कुणी बोललंच नाही.