मदत हवी आहे : वॉशिंग मशीनचं डिले बटण आणि सोलर

माण_तालुका
मशीन फ्रंट लोड, ७ किलोचं. घरी सोलर आहे. आम्ही दोघं साडेसातला घरातून निघतो, कपडे टाकून डिले ४ तास लावतो म्हणजे साडेअकराला चालू व्हायला पाहिजे, कडक ऊन असतं तेव्हा. पण ते नऊच्या आसपासच सुरू होतं. सासूबाई घरी असतात त्या फोन करून सांगतात की मशीन फिरतंय. सर्व्हिसवाला येऊन बघून गेला, म्हणाला मशीन ओके आहे, व्हिजिट चार्ज घेतला आणि गेला. कुणाला असं झालंय का? लवकर सांगा प्लीज, रोजचं डोकं उठलंय.

फेसाळ
मॉडेल कुठलं? कुठल्या प्रोग्रामला लावता? सोलर म्हणजे वॉटर हीटर की पॅनल?

खटपट्या
डिले बिले विसरा. वायफायवाला स्मार्ट प्लग घ्या, १६ अँपिअरचा. साडेअकराला ऑन होईल असं शेड्यूल लावायचं, विषय संपला. मी गेली कित्येक वर्षं टायमर लावूनच चालवतो.

जुनी_वायर
खटपट्या, तुमचं मशीन गोल खटक्याचं असणार. त्याला करंट मिळाला की ते चालू होतं. आत्ताच्या टचवाल्या मशीनला नुसता करंट देऊन भागत नाही, स्टार्ट दाबावं लागतं. प्लग साडेअकराला ऑन होईल आणि मशीन मख्खासारखं बसून राहील.

माण_तालुका, एकच सांगा. त्या बटणापाशी इंग्रजीत नेमकं काय लिहिलंय, Delay Start की Delay End? आणि प्रोग्राम लावल्यावर किती वेळ दाखवतो?

बर्मिंगहॅमची_वहिनी
अहो पण दिवसा कशाला लावता? आम्ही तर रात्री झोपताना डिले लावतो. इकॉनॉमी ७ चा मीटर आहे, रात्री सात तास वीज स्वस्त असते. सकाळी उठलं की धुणं तयार. तिकडेही रात्रीचा दर कमीच असेल ना?

फेसाळ
वहिनी, इथे उलटं आहे. महावितरणने १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू केली. रात्री लावून घरगुतीला काही फायदा नाही.

तसंही एका धुण्याला पाऊण युनिट धरा, म्हणजे वाचले किती तर साठ पैसे. आणि नेट मीटर असेल तर ही सगळी चर्चाच फिजूल, कारण जास्तीचे युनिट ग्रीडला जातात आणि बिलात वळते होतात. माण_तालुका, उगाच डोक्याला ताप करून घेताय, कधीही लावा मशीन.

माण_तालुका
नेट मीटर नाहीये!! बॅटरीवालं आहे. आमच्याकडे लाइट किती जाते ते आम्हालाच माहीत म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर घेतला, ३ केव्हीए, पॅनल २ किलोवॉट, बॅटऱ्या दोन, १५० वाल्या. मशीन चालू झालं की इन्व्हर्टरवर बॅटरीचा आकडा धपकन खाली येतो आणि कधी कधी तो लाइटवर जातो, म्हणून तर दुपारी चालवायचंय. बटणापाशी Delay End लिहिलंय. कॉटन ४० ला २:२० दाखवतं. पण याचा काय संबंध?

जुनी_वायर
सगळा संबंध तिथेच आहे. तुम्ही चार तास म्हणता ते मशीन ‘चार तासांनी धुणं संपव’ असं धरतं. साडेसातला लावलं म्हणजे साडेअकराला संपवायचं, त्यातून दोन तास वीस मिनिटं वजा करा, ९:१० येतात. सासूबाईंचं घड्याळ बरोबर आहे.

साडेअकराच्या आसपास सुरू करायचं असेल तर संपायची वेळ दोनच्या अलीकडे येते. तुमचं बटण तासातासाने पुढे जात असेल तर सहा लावा, ११:१० ला सुरू होईल. सात लावलं तर १२:१०. प्रोग्राम बदलला की हा हिशोब परत करायचा, क्विक वॉशला सहा लावलंत तर ते पार एकला सुरू होईल. आणि स्टार्ट दाबल्यावर लगेच ड्रम थोडा फिरला तर घाबरू नका, काही मशीन आधी कपडे जोखतात आणि मग थांबतात.

आता बॅटरीचं. मशीनची मोटर फार खात नाही, खातो तो आतला हीटर, साधारण २ किलोवॉटचा. चाळीसला पाणी तापवायला त्याला दहाएक मिनिटं लागतात आणि हे सगळं सुरुवातीलाच होतं. नऊ वाजता तुमचं पॅनल फार तर सात-आठशे वॉट देत असेल. उरलेले बाराशे-तेराशे बॅटरीतून, म्हणजे २४ व्होल्टला पन्नासच्या वर अँपिअर. १५० च्या बॅटरीला हे जड आहे, व्होल्टेज बसणारच आणि इन्व्हर्टर लाइट शोधणार. दहा मिनिटांनी आकडा आपोआप वर येतो का ते बघा. येत असेल तर हीटरच.

फेसाळ
बॅटरी आहे हे आधी सांगायचं ना राव. मग माझं वरचं सगळं मागे. पण मग चाळीसला लावताच कशाला? कोल्ड लावा, हीटर लागणारच नाही, सकाळी नऊलाही चालेल.

माण_तालुका
कोल्डला शर्टाच्या कॉलर निघत नाहीत. आणि मुलगा कबड्डी खेळतो, त्याचे कपडे बघा एकदा.

खटपट्या
कॉलरला आधी साबण लावून ठेवा. आणि माझा प्लगचा मुद्दा अजून बरोबरच आहे. मशीन चालू करून लगेच प्लग बंद करायचा, नंतर ऑन केला की जिथे थांबलं तिथून सुरू होतं. ऑटो रिस्टार्ट म्हणतात त्याला.

जुनी_वायर
हे काही मशीनला जमतं, मान्य. पण मग ड्रममध्ये आलेलं पाणी आणि भिजलेले कपडे चार तास तसेच राहणार. आणि दोन किलोवॉटचा लोड स्वस्तातल्या प्लगवरून रोज, मी तरी नाही करणार.

सुगरण_कोरेगाव
माझं टॉप लोड आहे त्यात डिले लावलं की पावडरचे पांढरे डाग पडतात, उपाय सांगा.

फेसाळ
पावडर थेट ओल्या कपड्यांवर टाकत असाल. कोरडेच कपडे टाका, पावडर ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर नसेल तर तळाशी पावडर, वर कपडे. पण ताई वेगळा धागा काढा ना.

माण_तालुका
आज सहा लावलं, सव्वाअकराला सासूबाईंचा फोन आला की आत्ता सुरू झालं. बरोबर आलं म्हणजे. बॅटरी मात्र तरीही खाली आली, आधीइतकी नाही पण आली. त्यांनी त्याच वेळी टाकीची मोटर लावली होती असं आता कळतंय.

जुनी_वायर
किती एचपीची? एक एचपी धरली तरी हजारेक वॉट जातात, सुरू होताना तर क्षणभर त्याच्या कितीतरी पट. त्यात हीटर. दुपारी पॅनल दीड किलोवॉटच्या आसपास देतं, दोघांना कसं पुरणार? टाकी दहाला भरून घ्यायला सांगा. तसंही मशीनच्या वेळी टाकीत पाणी असलेलं बरं, नाहीतर ते पाण्याची वाट बघत एरर दाखवत बसेल.

माण_तालुका
दहाला लाइट असेल तर ना. आणि दुसरं, डिले लावून ठेवलाय आणि मधेच इन्व्हर्टर लाइटवरून बॅटरीवर आला, झटका बसला, तर वेळ पुसली जाते का? मागे एकदा डिस्प्ले बंदच दिसला होता.

खटपट्या
माझं पुसत नाही.

फेसाळ
माझं पुसतं. कंपनी एकच असून भावाच्या मशीनचं नाही पुसत. सुट्टीच्या दिवशी डिले लावून मेन स्विच पाडून बघा.

बर्मिंगहॅमची_वहिनी
मेन स्विच कशाला, मशीनचंच बटण बंद करून बघायचं की.

जुनी_वायर
वहिनी, मशीनच्या पॉवर बटणाने बंद केलं तर सेटिंग मुद्दाम पुसलं जातं, ती टेस्ट होत नाही. भिंतीवरचा स्विच पाडायचा. आणि माण_तालुका, इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये UPS आणि APL असे दोन मोड आहेत का बघा. APL वर असेल तर बदली हळू होते, UPS ला झटका कमी बसतो. फोटो टाका डिस्प्लेचा.

माण_तालुका
संध्याकाळी घरी गेले की टाकते.