फर्मवेअर अपडेट अर्ध्यात अडकलं, मग राउटर वाचला का? सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

उन्हाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अपडेट चालू असतानाच ती गेली तर राउटर भंगारात टाकणारे बरेच दिसतात. तुमच्या बाबतीत काय झालं ते लिहा. मॉडेल, स्टिकरवरचं व्हर्जन आणि दिवे कसे लागत होते एवढं नक्की सांगा.

यंत्रमाग कारखाना, अक्कलकोट रोड
ऑफिसात TL-WR841N आहे, व्हर्जन 9. अपडेटची पट्टी निम्म्यावर असताना लाइट गेली. परत आल्यावर पॉवरचा दिवा लागायचा, बाकीचे सगळे एकदम लुकलुकून विझायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. 192.168.0.1 उघडेना. दुकानदार म्हणाला, नवीनच घ्या.

जुळे सोलापूर
नवीन घेऊ नका हो. चालू राउटरचं रीसेट तीस सेकंद दाबा, मग दाबूनच वीज तीस सेकंद बंद, मग चालू करून आणखी तीस. माझा असाच सुरू झाला होता.

राउटर दुरुस्ती, नवी पेठ
जुळे सोलापूरवाले दादा, तुमच्या राउटरची सेटिंग बिघडली असणार. रीसेटनं सेटिंग पुसली जाते, अर्धवट लिहिलेलं फर्मवेअर पूर्ण होत नाही. पण रीसेट बटणाचा उपयोग आहे, तो वेगळा.

चिपच्या सुरुवातीला बूटलोडर असतो, म्हणजे राउटर चालू होताना आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. साधारण अपडेट त्याला हात लावत नाही, म्हणून मधलं फर्मवेअर तुटलं तरी तो जागा असतो. 841 चा व्हर्जन 9 रीसेट दाबून चालू केला की बूटलोडर 192.168.0.66 या पत्त्यावर फाइल मागतो. तेव्हा लॅपटॉपच्या लॅनला तोच पत्ता द्यायचा, मास्क 255.255.255.0. मोबाइलच्या नेटवरून याच व्हर्जनचं फर्मवेअर उतरवून झिप सोडवायची, `.bin` फाइलचं नाव `wr841nv9_tp_recovery.bin` करायचं आणि लॅपटॉपवरून फाइल पुरवणारं Tftpd64 हे सॉफ्टवेअर त्या फोल्डरवर लावायचं. मूळ नावात `boot` असेल तर तिच्यात बूटलोडरही असतो, तो आधी कापून काढा. लिनक्सवर असं, orig.bin म्हणजे उतरवलेली मूळ फाइल:

```
dd if=orig.bin of=wr841nv9_tp_recovery.bin skip=257 bs=512
```

मग राउटर बंद, रीसेट दाबून धरा, चालू करा, दहाएक सेकंदांनी सोडा. Tftpd64 च्या लॉगमध्ये फाइल गेलेली दिसली की काही मिनिटं कशालाही हात लावू नका.

लोक अडकतात ते इथे: विंडोजची फायरवॉल मागणी आतच येऊ देत नाही. दुसरं म्हणजे राउटर बंद-चालू होताना लॅपटॉपची लॅनही तुटते, आणि ती परत जुळेपर्यंत बूटलोडर मागून मोकळा होतो. मध्ये एक साधा लॅन स्विच लावा, म्हणजे लॅपटॉपची बाजू कायम जोडलेली राहते. एवढं करूनही लॉग कोराच राहिला, तर बूटलोडर गेला असण्याची शक्यता धरा. मग सिरियल केबल किंवा चिप प्रोग्रामर लागतो, ते घरी करू नका.

शिक्षिका, होटगी रोड
आमच्याकडे फायबरचा डबा आहे, कालपासून LOS चा दिवा लाल आहे. त्यालाही हेच करायचं का?

राउटर दुरुस्ती, नवी पेठ
नाही ताई, मुळीच नाही. लाल LOS म्हणजे फायबरमधून उजेडच येत नाहीये. केबल कुठे वाकली-तुटली असेल, कनेक्शनवाल्यांना बोलवा. त्या डब्यांचं फर्मवेअर बहुतेक वेळा तेच लांबून बदलतात.

सात रस्ता
अपडेट कायम लॅन केबलनं करते, वाय-फायवरून नाही. आधी सेटिंगचा बॅकअप घेते आणि PPPoE चं युजरनेम-पासवर्ड वहीत लिहून ठेवते, कारण जुना बॅकअप नवीन फर्मवेअर कधी कधी घेत नाही. पण घरी इन्व्हर्टर असूनही वीज जाताना राउटर एकदा रीस्टार्ट होतोच. हे का?

राउटर दुरुस्ती, नवी पेठ
इन्व्हर्टरच्या मागे UPS मोडचं बटण असेल तर ते लावून बघा, वीज पलटायला लागणारा वेळ कमी होतो. तरी नाही थांबलं तर राउटरच्या व्होल्टेजचा छोटा डीसी मिनी UPS घ्या. अपडेटच्या वेळी तो लावाच.

यंत्रमाग कारखाना, अक्कलकोट रोड
स्विच मध्ये लावल्यावर फाइल गेली, राउटर उठला! पण वाय-फाय आता शेजारच्या खोलीतही धड पोचत नाही. MAC स्टिकरशी जुळतोय, म्हणजे आतलं सगळं शाबूत आहे ना?

राउटर दुरुस्ती, नवी पेठ
MAC वरून ते कळणार नाही. या मॉडेलमध्ये MAC बूटलोडरच्या भागात असतो आणि रेडिओचं कॅलिब्रेशन चिपच्या अगदी शेवटी. पण आधी अ‍ॅडॉप्टर बघा, मूळचा 9 व्होल्टचाच आहे का? दुसरा लावून फरक पडला नाही तर घेऊन या, उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

यंत्रमाग कारखाना, अक्कलकोट रोड
अ‍ॅडॉप्टर मागच्या वर्षी बदललेला आहे, त्यावरचे आकडे पुसलेत. सोमवारी घेऊन येतो.